तफावतीची ओढ: ह्यूबर लॉसची घडण

आकडेवारीतून रेषा बसवताना, म्हणजेच रिग्रेशन करताना, प्रत्येक नोंद रेषेपासून किती दूर पडली हे मोजावे लागते. प्रत्यक्ष आकडा आणि रेषेने सांगितलेला आकडा यांतल्या या अंतराला इथे तफावत म्हणू. तफावतीला किती दंड लावायचा हे ठरवणारा नियम म्हणजे लॉस. सगळ्या नोंदींचा दंड मिळून जिथे सर्वांत कमी होतो, ती रेषा आपण निवडतो. त्यामुळे रेषा कुठे पडणार हे आकड्यांइतकेच दंडाच्या नियमावरही अवलंबून असते.

दंडाचा सर्वांत रुळलेला नियम म्हणजे तफावतीचा वर्ग. लजांद्रने 1805 मध्ये आणि गाउसने 1809 मध्ये ही न्यूनतम वर्गांची पद्धत प्रसिद्ध केली. तिचे गणित एका झटक्यात सुटते, आणि तफावती सामान्य वितरणानुसार विखुरलेल्या असतील तर तिच्याहून नेमके उत्तर दुसरी कोणतीही पद्धत देत नाही. अडचण येते ती एखादी नोंद भरकटते तेव्हा. तफावत दहापट झाली की दंड शंभरपट होतो, आणि तो शंभरपट दंड टाळण्यासाठी रेषा त्या एका नोंदीकडे झुकते.

हे एका लहान उदाहरणात पाहू. पाच दिवसांचे सकाळचे तापमान 20, 21, 22, 23 आणि 24 अंश होते. सरासरी 22. वहीत उतरवताना शेवटच्या 24 चे 84 झाले. आता सरासरी 34 येते, आणि पाचांपैकी एकाही दिवशी तापमान 34 च्या आसपास नव्हते. सरासरी ही वर्गाच्या दंडाचीच निर्मिती आहे, कारण वर्गांची बेरीज किमान करणारा आकडा सरासरीच असतो. म्हणून सरासरीला जे होते तेच न्यूनतम वर्गांच्या रेषेलाही होते, फक्त रेषेत ते इतके उघड दिसत नाही.

दुसरा नियम वर्गाहून जुना आहे. तफावतीचे चिन्ह सोडून केवळ तिचे मूल्य घ्यायचे आणि त्यांची बेरीज किमान करायची. अठराव्या शतकाच्या मध्यावर बोस्कोविचने पृथ्वीच्या आकाराच्या मोजमापांसाठी हीच वाट धरली होती. या दंडाने पाच तापमानांतून मध्यक मिळतो, म्हणजे 22. शेवटची नोंद 84 असो वा 840, मध्यक हलत नाही. पण या स्थैर्याची किंमत द्यावी लागते. आकडे स्वच्छ असतील, सामान्य वितरणाचे असतील, तर मध्यकाची कार्यक्षमता सरासरीच्या सुमारे 64 टक्के भरते. सरासरी 64 नोंदींत जेवढी नेमकी येते, तेवढे नेमके येण्यासाठी मध्यकाला 100 नोंदी लागतात. शिवाय शून्याजवळ या दंडाच्या आलेखाला टोक असते. तिथे उतार एकदम उणे एकवरून अधिक एकवर उडी घेतो, आणि उताराच्या आधाराने किमान बिंदू शोधणाऱ्या रीतींना ती जागा अडचणीची ठरते.

स्विस गणिती पीटर ह्यूबर यांनी 1964 मध्ये या दोन दंडांची सांधणी केली. तफावत लहान असेल तर वर्ग, मोठी असेल तर सरळ मूल्य. सीमा ठरवणारा आकडा k म्हणू आणि तफावत r.

```
|r| <= k :  r²/2
|r| >  k :  k|r| - k²/2
```

दुसऱ्या ओळीतले k²/2 सांध्यासाठी आहे. r बरोबर k असताना पहिली ओळ k²/2 देते आणि दुसरीही k² उणे k²/2, म्हणजे तेवढेच. तिथे उतारही दोन्हीकडून k च येतो. त्यामुळे वर्गाची वाटी आणि तिच्या दोन्ही बाजूंना चढत जाणाऱ्या सरळ रेषा खाच न पडता जुळतात. शून्याजवळचे टोक नाहीसे होते आणि दूरची वर्गाची बेफाम चढणही जाते.

या लॉसचे मर्म त्याच्या उतारात आहे. दंडाचा उतार म्हणजे ती नोंद उत्तराला स्वतःकडे किती जोराने ओढते ते. वर्गाच्या दंडात ओढ तफावतीइतकीच असते आणि तिला वरची मर्यादा नसते. निरपेक्ष मूल्याच्या दंडात प्रत्येक नोंदीची ओढ सारखी असते, जवळची असो वा दूरची. ह्यूबरच्या दंडात ओढ तफावतीबरोबर वाढत जाते, पण k ला पोचली की तिथेच थांबते. भरकटलेली नोंद ह्यूबरने बाद केलेली नाही. तिचे मत मोजले जाते, फक्त ते एका मर्यादेपर्यंतच चालते.

तापमानांवर हे हाताने करून पाहता येते. k ला 3 धरू आणि उत्तराला m. उत्तर जिथे स्थिरावते तिथे सगळ्या ओढींची बेरीज शून्य होते. 20, 21, 22 आणि 23 यांची ओढ त्यांच्या तफावतीइतकी, म्हणजे चौघांची मिळून 86 − 4m. 84 ची ओढ साठाच्या घरात जायला हवी होती, ती 3 वर अडते. म्हणून 86 − 4m + 3 = 0, आणि m = 22.25. खरी सरासरी 22 होती. चुकीच्या एका नोंदीने उत्तर पाव अंशाने सरकवले, सरासरीप्रमाणे बारा अंशांनी नाही. 84 च्या जागी 840 लिहिले असते तर सरासरी 185.2 झाली असती, पण ह्यूबरचे उत्तर 22.25 च राहिले असते, कारण समीकरणातला तो 3 बदलत नाही.

कोणत्या नोंदी सीमेच्या आत आणि कोणत्या बाहेर हे इथे नजरेने कळले. हजारो नोंदी असतील तर ते आधी कळत नाही, कारण आत-बाहेर हे उत्तरावर अवलंबून आणि उत्तर आत-बाहेरवर. हा पेच वजने बदलत सोडवतात. आधी साधी सरासरी काढायची. मग प्रत्येक नोंदीला वजन द्यायचे: तफावत k च्या आत असेल तर 1, बाहेर असेल तर k भागिले तफावत. त्या वजनांनी पुन्हा सरासरी काढायची, नव्या तफावतींवरून नवी वजने ठरवायची आणि उत्तर हलेनासे होईपर्यंत हेच करत राहायचे. पाच तापमानांत सुरुवात 34 ने होते. पहिल्याच फेरीत गंमत अशी की सगळ्याच नोंदी 3 च्या बाहेर पडतात, कारण 34 हे कोणाच्याच जवळ नाही. तरीही 84 सर्वांत दूर असल्याने तिचे वजन सर्वांत कमी, 0.06, येते. वजनी सरासरी 25.24 होते, पुढच्या फेरीत 22.71, मग 22.26 आणि शेवटी 22.25. रेषा बसवतानाही हेच करतात, प्रत्येक फेरीत सरासरीच्या जागी वजनी न्यूनतम वर्गांची रेषा येते. ह्यूबरचा दंड एकाच वाटीच्या आकाराचा, म्हणजे बहिर्वक्र, असल्याने k ठरलेला असेल तर सुरुवात कुठूनही केली तरी याच किमान मूल्याशी पोचता येते.

आता खरा कळीचा प्रश्न: k किती घ्यायचा? k खूप मोठा घेतला तर सगळ्या नोंदी वाटीतच राहतात आणि ह्यूबर साध्या न्यूनतम वर्गांसारखा वागतो. k शून्याकडे नेला तर तो मध्यकाकडे जातो. रूढ निवड आहे तफावतींच्या पसाऱ्याच्या, म्हणजे प्रमाण विचलनाच्या, 1.345 पट. या आकड्यामागचा करार स्पष्ट आहे. नोंदी निर्मळ आणि सामान्य वितरणाच्या असतील तर न्यूनतम वर्गांच्या तुलनेत 95 टक्के कार्यक्षमता राहावी. पाच टक्क्यांचा हप्ता भरून भरकटलेल्या नोंदींविरुद्ध विमा घ्यावा, असा तो व्यवहार आहे, आणि तो स्वस्तच म्हणायला हवा.

पण ‘पसाऱ्याच्या 1.345 पट’ यातला पसारा कशाने मोजायचा, इथे अनेकांची चूक होते. तापमानांचे नेहमीच्या सूत्राने प्रमाण विचलन काढले तर ते 28 च्या आसपास येते, कारण 84 त्या सूत्रातही घुसलेली असते आणि तिथे तर तिचा वर्ग होतो. 28 ची 1.345 पट म्हणजे सुमारे 37.6. एवढी सैल सीमा घेतली तर ह्यूबरचे उत्तर 30.9 येते. सरासरीहून थोडे बरे, पण निरुपयोगी. ज्या नोंदीला आवरायचे तिनेच सीमा ठरवली. म्हणून पसाराही मध्यकानेच मोजतात. मध्यक 22 पासूनची अंतरे 2, 1, 0, 1 आणि 62. त्या अंतरांचा मध्यक 1. सामान्य वितरणाच्या मापाशी जुळवण्यासाठी त्याला 1.4826 ने गुणायचे, पसारा सुमारे 1.48 येतो आणि k सुमारे 2. त्या k ने उत्तर जवळजवळ 22 च येते. सॉफ्टवेअरमध्ये k साठी तयार आकडा दिलेला असतो, पण तो पसाऱ्याच्या पटीत आहे की मूळ एककात हे आधी पाहावे लागते. R मधला `rlm` पसारा स्वतः मोजतो. PyTorch मधल्या `HuberLoss` चा `delta` मूळ एककात असतो आणि काही न सांगितल्यास 1 धरला जातो. किमती रुपयांत आणि तफावती हजारांत असतील तर तो 1 म्हणजे प्रत्यक्षात निरपेक्ष मूल्याचाच दंड झाला.

ह्यूबरने ही सांधणी केवळ सोयीची म्हणून सुचवली नव्हती. त्याने प्रश्नच वेगळा विचारला होता. बहुतेक नोंदी सामान्य वितरणाच्या आहेत, पण थोडा हिस्सा कुठल्यातरी अज्ञात स्रोतातून मिसळला आहे. भेसळ कोणतीही असू शकते, फक्त ती मध्याच्या दोन्ही बाजूंना समान असावी. अशा वेळी वाईटात वाईट भेसळीतही कमीत कमी नुकसान करणारी पद्धत कोणती? उत्तरात जे सर्वांत वाईट वितरण निघते ते मध्यभागी सामान्य असते आणि कडेला त्याची शेपूट घातांकी, म्हणजे अधिक संथपणे उतरणारी, असते. त्या वितरणासाठी सर्वांत योग्य दंड काढला की वर्ग आणि सरळ रेषेची ही सांधणी आपोआप बाहेर पडते.

या घडणीच्या जवळचे इतरही दंड आहेत. k च्या ठिकाणी उतार सलग असला तरी उताराचा उतार तुटतो, आणि काही रीतींना तोही सलग लागतो. मग √(k² + r²) वर आधारलेला छद्म-ह्यूबर किंवा log-cosh वापरतात. दोन्ही मध्यभागी वर्गासारखे आणि दूर सरळ रेषेसारखे वागतात. छायाचित्रातील वस्तूभोवतीची चौकट ठरवणाऱ्या Fast R-CNN या 2015 च्या पद्धतीत smooth L1 नावाने जो दंड आला, तो k बरोबर 1 घेतलेला ह्यूबरच आहे.

ह्यूबर कुठे तारतो आणि कुठे तोकडा पडतो हे एका खऱ्या आकडेवारीत एकाच वेळी दिसते. बेल्जियममधून परदेशी केलेल्या फोनकॉलची 1950 ते 1973 अशा 24 वर्षांची वार्षिक संख्या रूसो आणि लरॉय यांच्या 1987 च्या पुस्तकामुळे संख्याशास्त्रात प्रसिद्ध झाली. 1950 मध्ये 44 लाख कॉल होते. ते संथपणे वाढत 1963 मध्ये 2 कोटी 12 लाखांवर पोचले. 1964 मध्ये आकडा एकदम 11 कोटी 90 लाख होतो आणि 1969 मध्ये 21 कोटी 20 लाख. 1970 मध्ये तो 4 कोटी 30 लाखांवर येतो आणि 1971 मध्ये 2 कोटी 40 लाखांवर. बेल्जियमचे लोक सहा वर्षे अचानक बोलके झाले नव्हते. 1964 ते 1969 या काळात नोंदवण्याची रीत बदलली होती, आणि कॉलच्या संख्येऐवजी कॉलची एकूण मिनिटे लिहिली गेली होती. बदल नेमक्या 1 जानेवारीला झाला नसल्याने 1963 आणि 1970 चे आकडेही थोडे मिसळलेले आहेत.

न्यूनतम वर्गांची रेषा सांगते की कॉल दरवर्षी सुमारे 50 लाखांनी वाढत होते. हीच रेषा मागे 1950 पर्यंत नेली तर त्या वर्षी उणे 80 लाख कॉल झाले असे ती म्हणते, आणि 1973 साठी 10 कोटी 80 लाखांच्या आसपासचा आकडा देते. त्या वर्षी प्रत्यक्षात 2 कोटी 90 लाख कॉल होते. एकाही काळाला ती रेषा धड लागू पडत नाही. ही आकडेवारी R मध्ये तयार मिळते आणि ह्यूबरची रेषा दोन ओळींत बसवता येते.

```
library(MASS)
rlm(calls ~ year, data = phones, maxit = 50)
```

वार्षिक वाढ आता 50 लाखांवरून 20 लाख 40 हजारांवर येते. सुधारणा मोठी आहे, पण उत्तर अजून बरोबर नाही. 1973 साठी ही रेषा 4 कोटी 64 लाख सांगते, म्हणजे खऱ्या आकड्याच्या दीडपटीहून अधिक.

याचे कारण ओढींच्या हिशेबातच सापडते. इथे पसारा सुमारे 90 लाख येतो आणि k सुमारे 1 कोटी 21 लाख. मिनिटांच्या सहा नोंदींपैकी प्रत्येकीची ओढ तिथे अडते, 1969 चीही, जिची तफावत 17 कोटींहून अधिक आहे. पण सहाही नोंदी एकाच दिशेने, वर, ओढतात. सहा गुणिले 1 कोटी 21 लाख म्हणजे 7 कोटी 26 लाखांची एकत्र ओढ. तिला तोलण्यासाठी उरलेल्या 18 वर्षांना रेषेखाली राहून एकूण तेवढीच खालची ओढ द्यावी लागते, सरासरी 40 लाखांची. प्रत्येक नोंदीवर मर्यादा आहे, पण एकजुटीने येणाऱ्या नोंदींच्या बेरजेवर नाही. ह्यूबरच्या मूळ गृहीतात भेसळ दोन्ही बाजूंना समान होती, इथे ती सगळी एका बाजूला आणि आलेखाच्या उजव्या अर्ध्यात आहे. आणखी एक तपशील पाहण्यासारखा आहे: 1971, 1972 आणि 1973 या अगदी बरोबर नोंदींनाही या रेषेने पूर्ण वजन दिलेले नाही, सुमारे 0.7 च दिले आहे. रेषा इतकी वर ओढली गेली की खरे आकडेच सीमेबाहेर पडले.

अशा वेळी दूरच्या नोंदीची ओढ k वर थांबवणे पुरत नाही, ती पुढे शून्यावर आणावी लागते. टुकीचा द्विवर्गी दंड हेच करतो. पसाऱ्याच्या 4.685 पटीपलीकडे गेलेल्या नोंदीचे वजन तो थेट शून्य करतो. या दंडाचा उपयोग करणारी MM ही पद्धत बेल्जियमच्या आकड्यांवर वार्षिक वाढ 11 लाख सांगते आणि 1973 साठी सुमारे 2 कोटी 79 लाख, खऱ्या आकड्याच्या अगदी जवळ. मोबदल्यात बहिर्वक्रता जाते. दंडाच्या आलेखात एकाहून अधिक दऱ्या तयार होतात आणि सुरुवात चुकीच्या जागेवरून केली तर उत्तर चुकीच्या दरीत अडकते. म्हणून MM आधी एका अत्यंत सावध पद्धतीने सुरुवातीची रेषा आणि पसारा काढून घेते.

ह्यूबरची दुसरी मर्यादा आडव्या अक्षावरची आहे. रेषेच्या उतारावर नोंदीचा प्रभाव हा तफावतीची ओढ गुणिले तिचे आडवे अंतर इतका असतो. ह्यूबर पहिल्या भागाला मर्यादा घालतो, दुसऱ्याला नाही. 1973 ऐवजी चुकून 1793 लिहिले गेले तर ती नोंद लांब दांड्याच्या टोकाला बसते आणि थोड्या ओढीनेही रेषा फिरवते. रेषा फिरून तिच्याजवळ आली की तिची तफावत लहान दिसते, मग वजनही पूर्ण 1 मिळते. म्हणून वजनांच्या यादीबरोबर आडव्या अक्षावरचे दूरचे बिंदूही पाहावे लागतात.

तिसरी गोष्ट दोषाची नाही, अर्थाची आहे. उत्पन्न, विम्याचे दावे, रुग्णालयाचा खर्च असे आकडे एका बाजूला लांब पसरलेले असतात आणि मोठे आकडे खरेच असतात. तिथे ह्यूबरचे उत्तर सरासरी आणि मध्यक यांच्या मध्ये कुठेतरी पडते. एकूण खर्चाची तरतूद करायची असेल तर सरासरीच लागते, आणि ह्यूबरने कापलेले मोठे दावे शेवटी कोणाला तरी भरावेच लागतात. तिथे हा लॉस वापरणे चूक ठरते.

बेल्जियमच्या आकड्यांत ह्यूबरने दिलेली वजने ओळीने वाचली तर 1964 ते 1969 या सलग सहा वर्षांना 0.07 ते 0.13 इतकी वजने मिळालेली दिसतात, आणि त्याखालच्या दर्जाचे दुसरे एकही वर्ष नाही. विखुरलेल्या चुका अशा सलग येत नाहीत. रेषा अजून चुकीची असतानाही वजनांची ही यादी नेमक्या जागी बोट ठेवते, आणि मिनिटांची नोंद उघड होण्यासाठी मूळ कागदपत्रांतली तीच सहा वर्षे तपासावी लागतात.